फॉर्म्युला बरोबर, उत्तर चूक: एका स्क्रीनशॉटची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. फॉर्म्युले नुसते ऐकून टाइप करणं अवघड जातं, म्हणून ते खाली जसेच्या तसे दिलेत.)

एक सांगा, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज कधी आलाय का? एक स्क्रीनशॉट, त्यात एक्सेलचा एक फॉर्म्युला, आणि खाली एकच ओळ: "हे रॉंग आन्सर देतंय." बस्स. फाइल नाही, काय हवं होतं ते नाही, किती चुकलं ते नाही. आणि वर दोन मिनिटांनी प्रश्नचिन्ह.

मला असे मेसेज खूप येतात. मी भोसरीत नोकरी करतो, आणि रविवारी मोशीत काही पोरापोरींना एक्सेल शिकवतो. त्यातली बरीच मंडळी आता चाकण, म्हाळुंगे, निघोजे इकडच्या कंपन्यांमध्ये स्टोअरला, डिस्पॅचला, टाइम ऑफिसला लागलीत. त्यामुळे क्लास संपला तरी शंका संपत नाहीत.

आज त्यातला एकच मेसेज घेऊन बसलोय. बुधवारची संध्याकाळ होती. आपल्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, हे तुम्हाला माहितीच आहे. सात तारीख जवळ आलेली, म्हणजे पगाराची घाई. मी कंपनीच्या बसमध्ये, नाशिक हायवेला नेहमीसारखा अडकलेलो. हातात फक्त मोबाईल. तेवढ्यात चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. स्क्रीनशॉट, आणि खाली: "सर, हे रॉंग आन्सर देतंय. आठ वाजता लिस्ट बँकेला जाणार आहे."

स्क्रीनशॉटमध्ये होतं काय? तिने कापून फक्त दोन गोष्टी पाठवल्या होत्या. वरची फॉर्म्युला बारची पट्टी आणि खालचा एक सेल. पट्टीत हे:

```
=SUM(D2:D27)
```

आणि सेलमध्ये १४:३०.

आता यात चूक काय सांगणार? `SUM` बरोबर, कंस बरोबर. मी तिला पहिला प्रश्न विचारला, आणि तुम्हालाही कोणी असा स्क्रीनशॉट पाठवला तर पहिला हाच विचारा: "तुझ्या मते बरोबर उत्तर किती यायला हवं?"

कारण बघा, कोणी "चुकलंय" म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरा एक आकडा असतो. तो आकडा कुठून आला हे कळलं की अर्धं काम होतं. ती म्हणाली, "सर, हा एका ऑपरेटर काकांचा महिन्याचा ओटी आहे. काका स्वतः डायरीत लिहून ठेवतात. त्यांच्या डायरीत साडेएक्केचाळीस तास आहेत. शीट म्हणते साडेचौदा. ते खिडकीशी उभे आहेत."

म्हणजे ४१:३० हवे होते, आले १४:३०.

तिनेच पुढे लिहिलं, "सर, आकडे उलटे झालेत ना? ४१ चं १४?"

दिसायला अगदी तसंच दिसतं. आणि जुन्या हिशेबनीस लोकांची एक युक्तीही आहे: दोन बेरजांमधल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल असा संशय घ्यायचा. ४१ वजा १४ म्हणजे २७, आणि २७ ला ९ ने भाग जातो. म्हणजे युक्तीसुद्धा तिच्याच बाजूने बोलत होती. पण थांबा. हाताने लिहिताना माणूस ४१ चं १४ करतो. इथे १४:३० कोणी टाइपच केलेलं नाही. ते फॉर्म्युल्यातून आलंय, आणि फॉर्म्युला आकडे उलटे करत नाही. तेव्हा हा नुसता योगायोग. पण २७ हा आकडा मात्र मी लक्षात ठेवला. तो पुढे कामाला येणार होता.

पूर्ण स्क्रीन मागा

दुसरी गोष्ट, मी तिला म्हटलं, "अगं, कापलेला फोटो नको. सेलवर डबल क्लिक कर, आणि पूर्ण विंडोचा स्क्रीनशॉट पाठव. वरची A, B, C, D ची अक्षरं आणि डावीकडचे ओळींचे नंबर दिसले पाहिजेत. आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याची साइझ कमी करतं, मग टिंब आहे की स्वल्पविराम आहे ते कळत नाही."

डबल क्लिक का? कारण फॉर्म्युल्याच्या सेलवर डबल क्लिक केलं की एक्सेल ज्या भागाची बेरीज चालू आहे त्याच्याभोवती रंगीत चौकट काढून दाखवतं. चौकट कुठे सुरू होते, कुठे संपते, हे डोळ्यांनी दिसतं. बेरजेत काही ओळी राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे. कोणीतरी खाली नवीन नाव टाकतं, आणि फॉर्म्युला जुन्या ओळीपाशीच थांबलेला असतो.

ही चूक किती मोठ्या माणसांकडून होऊ शकते, ते सांगतो. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला होता. देशावर कर्ज फार वाढलं की विकास मंदावतो, असं त्याचं म्हणणं. जगभर त्याचा हवाला दिला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा एक विद्यार्थी अभ्यास म्हणून तोच हिशेब पुन्हा करत होता, आणि काही केल्या त्याचं उत्तर जुळेना. शेवटी त्याने मूळ लेखकांकडून शीट मागवली. उघडून बघतो तर सरासरीचा फॉर्म्युला ओळ ४९ पर्यंत जायला हवा होता, तो ४४ वर थांबलेला. पाच देश बाहेर. निळ्या चौकटीचा तो स्क्रीनशॉट तेव्हा सगळीकडे फिरला.

पण त्या गोष्टीतला दुसरा भाग लोक विसरतात. निबंधात अशा कर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दिली होती, आणि हर्नडन व त्याच्या सहलेखकांच्या हिशेबाने ती २.२ टक्के यायला हवी होती. त्या एवढ्या फरकातला अगदी छोटा भाग या राहिलेल्या ओळींमुळे होता. बाकीचा फरक कुठली वर्षं धरली आणि कुठल्या देशाला किती वजन दिलं यामुळे. म्हणजे चौकटीची चूक सापडली म्हणून सगळा फरक तिच्या नावावर टाकता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या काकांच्या शीटमध्येही नेमकं असंच निघालं.

२७ तास गेले कुठे?

दुसरा स्क्रीनशॉट आला. हा स्वच्छ होता. चौकट D2 पासून D27 पर्यंत बरोबर, एकही ओळ सुटलेली नाही. डावीकडचे नंबर सलग, म्हणजे मध्ये कुठे ओळ लपवलेली किंवा फिल्टर लावलेला नाही. D कॉलममध्ये ओटीचे तास, सुपरवायझरच्या चिठ्ठ्या बघून टाइप केलेले: २:३०, ३:००, ४:००, असे. महिन्यातल्या चौदा दिवसांचा ओटी, बाकी सेल रिकामे.

मी मनातल्या मनात वरवर बेरीज केली. चौदा दिवस, दर दिवशी साधारण तीन तास. चाळीसच्या आसपास जायला हवं. म्हणजे काकांची डायरी खोटी नव्हती. शीटच कमी दाखवत होती. आणि कमी किती? २७ तास.

आता २७ कडे नीट बघा. वेळेच्या हिशेबात चूक झाली की मी नेहमी फरकातून २४ काढून बघतो. २७ मधून २४ गेले, उरले ३. आणि ३:०० हा या यादीत बऱ्याच वेळा आलेला आकडा आहे! म्हणजे संशय असा: एक पूर्ण दिवस कुठेतरी गिळला गेलाय, आणि त्याशिवाय तीन तासांची एक नोंद बेरजेत आलेलीच नाही. चुका दोन, एकीवर एक बसलेल्या.

हा २४ का, ते समजून घेऊया. एक्सेलच्या पोटात "वेळ" असं काही वेगळं नसतंच. त्याच्या लेखी एक दिवस म्हणजे १. बारा तास म्हणजे अर्धा, ०.५. सहा तास म्हणजे ०.२५. आपण ३:०० टाइप करतो तेव्हा ते ०.१२५ साठवतं, आणि दाखवताना घड्याळासारखं ३:०० दाखवतं. आता शीटमधली बेरीज झाली साडेअडतीस तास, तर पोटात आकडा असतो १.६०४ च्या आसपास. एक पूर्ण दिवस आणि वर साडेचौदा तास. पण सेलचं फॉरमॅट आहे `h:mm`, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. रविवारी रात्री बारा वाजता घड्याळाकडे बघा, आणि तिथून साडेअडतीस तासांनी पुन्हा बघा. घड्याळ म्हणेल अडीच वाजले, म्हणजे १४:३०. मधला एक आख्खा दिवस गेला हे त्या घड्याळाला सांगताच येत नाही. ते खोटं बोलत नाही. आपण त्याला "किती वाजले" हे विचारतोय, आणि हवंय "किती तास झाले".

आणि हे फॉरमॅट कोणी मुद्दाम निवडलेलं नसतं. वरच्या सेलांना `h:mm` असलं की खाली `SUM` टाकल्यावर एक्सेल स्वतःच तेच फॉरमॅट त्या सेलला देऊन टाकतं. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फॉर्म्युला कितीही वेळ बघितलात तरी ही चूक सापडणार नाही. ती फॉर्म्युल्यात नाहीच.

एक चाचणी, दोन शक्यता

मग मी तिला सांगितलं, "D28 वर उभी राहा, कंट्रोल आणि १ दाब. `Custom` मध्ये जा, आणि तिथे जे लिहिलंय ते पुसून हे टाक."

```
[h]:mm
```

तो चौकोनी कंस म्हणजे "चोवीसला थांबू नकोस, मोजत राहा". गुगल शीट्स वापरत असाल तर तिथे फॉरमॅटमध्ये `Duration` निवडा, काम तेच.

आता हे सांगताना माझ्या डोक्यात उरलेल्या तीन तासांबद्दल दोन शक्यता होत्या, आणि दोन्ही मोठ्या गमतीशीर आहेत. पहिली: कुठलीतरी ३:०० ची नोंद दिसायला वेळ आहे, पण एक्सेल तिला मजकूर समजतंय. `SUM` मजकुराला गुपचूप वगळतं. दुसरी: कोणीतरी ३:०० ऐवजी नुसतं ३ टाइप केलंय. एक्सेलच्या लेखी ३ म्हणजे तीन तास नव्हेत, तीन दिवस! म्हणजे ७२ तास जास्तीचे. पण घड्याळी फॉरमॅटमध्ये तीन पूर्ण दिवस दिसतच नाहीत, त्यामुळे बेरीज दोन्ही वेळा १४:३० च दिसणार.

म्हणून ही चाचणी उपयोगाची. `[h]:mm` केल्यावर ३८:३० आलं तर पहिली शक्यता, ११०:३० आलं तर दुसरी. एका बदलाने दोन संशयितांमधला एक सुटतो. मी तिला दोन्ही आकडे आधी सांगून ठेवले. हे तुम्हीही करत जा. उत्तर आल्यावर "हां, मला वाटलंच होतं" म्हणणं सोपं असतं. आधी सांगितलं की आपलाच विचार तपासला जातो.

तिचं उत्तर आलं: "सर, ३८:३०!"

आणि लगेच दुसरा मेसेज: "सर, मी मघाशी `Number` करून बघितलं होतं तेव्हा १.६० आलं होतं. मला वाटलं शीट बिघडली, म्हणून परत मागे घेतलं."

बघा! १.६० म्हणजे १.६० दिवस. गुणिले २४, म्हणजे साडेअडतीसच्या जवळपास. खरं उत्तर तिच्यासमोर येऊन गेलं होतं, फक्त ते दिवसांत होतं. म्हणून मंडळी, मदत मागताना "मी काय काय करून बघितलं आणि काय दिसलं" हेसुद्धा लिहा. ते वाया गेलेलं काम नसतं, तो पुरावा असतो.

सेंटर केलेला कॉलम

चोवीस तास परत मिळाले. राहिले तीन. आता मजकूर बनून बसलेला तो एक सेल शोधायचा.

साधारणपणे हे स्क्रीनशॉटमध्येच दिसतं. एक्सेल आकडे आपोआप उजवीकडे लावतं आणि मजकूर डावीकडे. वेळ हाही आकडाच. तेव्हा सगळे उजवीकडे आणि एकच डावीकडे, असं दिसलं की तोच चोर. पण या शीटमध्ये कोणीतरी छान दिसावं म्हणून अख्खा कॉलम सेंटर करून ठेवला होता. सगळे मधोमध, एका रांगेत. नटवण्याच्या नादात पुरावाच पुसला गेला.

मी तिला आधी खात्री करायला सांगितली. बाजूच्या रिकाम्या सेलांत हे दोन फॉर्म्युले टाक म्हटलं:

```
=COUNTA(D2:D27)
=COUNT(D2:D27)
```

पहिला सांगतो काहीतरी लिहिलेले सेल किती. दुसरा सांगतो त्यातले आकडे किती. पहिल्याने दिले १४, दुसऱ्याने १३. म्हणजे चौदा नोंदींपैकी एक आकडा नाही. संशय पक्का झाला.

मग, "D कॉलम निवड, आणि सेंटर काढून टाक." सेंटरच्या बटणावर पुन्हा एकदा क्लिक केलं की झालं. तेरा नोंदी उजवीकडे गेल्या आणि एक डावीकडे उडाली. D17. तिने झूम करून फोटो पाठवला. सेलमध्ये लिहिलं होतं:

```
3;00
```

दिसलं का? मध्ये दोन टिंबं नाहीत, अर्धविराम आहे. कीबोर्डवर दोन्ही एकाच बटणावर असतात. शिफ्ट दाबली तर दोन टिंबं, नाही दाबली किंवा नीट दाबली गेली नाही तर अर्धविराम. चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर, टाइप करण्याची घाई, एकदा शिफ्ट सुटली. पहिल्या कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हा सेल नव्हताच, आणि असता तरी त्या धूसर फोटोत मला ते कळलं नसतं.

इथे `SUM` चा स्वभावही लक्षात घ्या. तुम्ही `=D16+D17` असं अधिक चिन्हाने केलं असतं तर एक्सेलने `#VALUE!` म्हणून आरडाओरड केली असती. `SUM` तसं करत नाही. रेंजमध्ये मजकूर दिसला की ते शांतपणे पुढे जातं. बऱ्याच वेळा ते सोयीचंच असतं, कारण मध्ये शीर्षकं किंवा "रजा" असं लिहिलेलं असतं. पण काकांच्या तीन तासांच्या बाबतीत ते सोयीचं नव्हतं.

तिने D17 मध्ये ३:०० पुन्हा टाइप केलं. बेरीज आली ४१:३०. काकांच्या डायरीतला आकडा, मिनिटाला मिनिट. २७ तासांचा पूर्ण हिशेब लागला: २४ फॉरमॅटचे, ३ अर्धविरामाचे. समजा ती `[h]:mm` वर थांबली असती तर ३८:३० हे आधीपेक्षा खूपच बरं दिसलं असतं, आणि तीन तास तसेच गेले असते.

आता पैसे

पाच मिनिटांनी तिसरा स्क्रीनशॉट. "सर, आता हे रॉंग देतंय."

```
=D28*150
```

आणि उत्तर २५९.३८.

दर कुठून आला ते सांगतो. काकांचा साधा दर तासाला ७५ रुपये. ओटी कायद्याने दुप्पट दराने, म्हणजे १५०. साडेएक्केचाळीस गुणिले १५० म्हणजे ६,२२५ रुपये व्हायला हवेत. आले २५९.

पण आता तुम्हालाही कारण ओळखता येईल. पोटात आकडा दिवसांचा आहे: १.७२९. दर तासाचा आहे. दिवसाला तासाच्या दराने गुणलं, म्हणून उत्तर चोविसाव्या भागाइतकं आलं. आधी दिवसांचे तास करायचे:

```
=D28*24*150
```

६,२२५. आणि सेलचं फॉरमॅट साधा नंबर ठेवायचं, वेळेचं नाही.

मग मला प्रश्न पडला, आतापर्यंत पगार निघत कसे होते? कारण हा फॉर्म्युला आधीपासून असता तर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती. मी विचारलं. ती म्हणाली, "सर, आधी फॉर्म्युला नव्हता. बेरीज बघायची आणि कॅल्क्युलेटरवर दराने गुणायचं."

म्हणजे १४:३० बघून साडेचौदा गुणिले १५०, दोन हजार एकशे पंच्याहत्तर. काकांचे ४,०५० रुपये कमी. मोठी चूक अशी असते बघा. २५९ रुपये बघून कोणीही दचकतं. २,१७५ बघून कोणी दचकत नाही, कारण तो आकडा खरा वाटण्यासारखा आहे.

आणि ही चूक इतके महिने लपली का? कारण ज्याचा ओटी महिन्यात २४ तासांच्या आत असतो, त्याची बेरीज अगदी बरोबर येते. दसरा-दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या, लोक जास्त थांबायला लागले, आणि काही जण चोवीसच्या पुढे गेले. शीट फक्त त्यांच्याच बाबतीत चुकली. म्हणजे जो सगळ्यात जास्त राबला, त्याचाच ओटी कापला गेला. आणि काका डायरी लिहीत नसते तर हे कळलंही नसतं. स्लिपवर छापील १४:३० असतं, संगणकाने काढलेलं असतं. त्याच्याशी कोण भांडणार?

तिने मग सगळ्यांच्या बेरजेचे सेल एकदम निवडून `[h]:mm` केले. त्या महिन्यात काका धरून चार जण चोवीसच्या वर होते. मागच्या महिन्याची शीट उघडली, त्यात आणखी दोघं. अधिकाऱ्यांना दाखवलं, या महिन्याची यादी दुरुस्त होऊन आठच्या आत गेली, आणि त्या दोघांचा फरक पुढच्या पगारात धरायचं ठरलं. मी तोवर मोशीच्या चौकात उतरलो होतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

तिने विचारलं, "सर, पुढच्या वेळी अर्धविराम पडला तर?"

त्यासाठी एक सोपी सोय आहे. D2 ते D27 निवडायचं, `Data` मध्ये `Data Validation`, तिथे `Time` निवडायचं, आणि मर्यादा द्यायची ०:०० ते १२:००. मग `3;00` टाकलं तर एक्सेल घेणारच नाही, कारण ती वेळ नाही. नुसतं ३ टाकलं तरी घेणार नाही, कारण ते तीन दिवस होतात, बारा तासांच्या फार पुढे. दोन्ही चोर दारातच अडतात.

पण याला एक भोक आहे. ही अडवणूक फक्त टाइप करताना चालते. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलं तर ती काही बोलत नाही. म्हणून ते `COUNTA` आणि `COUNT` बेरजेच्या शेजारी कायमचे ठेवून द्या. दोन्ही सारखे असले तर सगळ्या नोंदी आकडे आहेत. नसले तर पगार पुढे पाठवू नका. आणि कॉलम सेंटर करू नका, उजवीकडेच राहू द्या.

मी तिला शेवटी एकच विचारलं, काका काय म्हणाले? ती म्हणाली, "सर, त्यांनी काही म्हटलं नाही. डायरीत त्या महिन्यापुढे बरोबरची खूण केली, आणि फर्स्ट शिफ्टची बस निघाली होती म्हणून पळाले."

तर मंडळी, या महिन्याची तुमची स्लिप आली असेल तर ओटीच्या तासांकडे एकदा बघा. आणि तुम्हीच कुणाची स्लिप बनवत असाल तर बेरजेच्या सेलवर उभं राहून कंट्रोल-१ दाबून बघा, तिथे चौकोनी कंस आहे का. भेटू पुढच्या भागात.